लाली ओसरली तरी ड्रॉप चालूच: एका तरुणाच्या युव्हायटिसचे प्रकरण

युव्हायटिस म्हणजे डोळ्याच्या आतल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मधल्या थराचा दाह. या लेखातला रुग्ण हा नमुना आहे. कमरेच्या सांध्यांचा ऑटोइम्यून आजार असलेल्या तरुणांना डोळ्याचा पहिला झटका येतो तेव्हा जे वारंवार दिसते, ते एका माणसाच्या नोंदीत एकत्र करून मांडले आहे. औषधांची मात्रा नेहमी वापरली जाते तशीच दिली आहे, पण ती ज्याच्या त्याच्या डोळ्याच्या तपासणीवर ठरते. हे वाचून कुणी स्वतःच ड्रॉप सुरू किंवा बंद करू नये.

तक्रार

वय 27, पुरुष, चाकणच्या बाजूला सुट्या भागांच्या कारखान्यात पाळीने काम. उजव्या डोळ्यात सोमवारी ठणका सुरू झाला. संध्याकाळपर्यंत डोळा लाल झाला आणि ट्यूबलाइटकडेही बघवेना. डोळे आले असतील म्हणून औषधाच्या दुकानातून ड्रॉप आणला. त्यात अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड एकत्र होते. दिवसातून तीनदा असा चार दिवस घातला. ठणका निम्म्यावर आला, म्हणून बंद केला. दोन दिवसांत दुखणे आधीपेक्षा वाढून परत आले आणि नजर धूसर झाली. तपासणीला आला तेव्हा दुखणे सुरू होऊन सात दिवस झाले होते.

डोळे येतात तेव्हा सहसा चिकट स्राव असतो, सकाळी पापण्या चिकटतात, खाज किंवा वाळू गेल्यासारखी टोचणी असते, आणि बहुधा एक-दोन दिवसांत दुसरा डोळाही लाल होतो. इथे चिपड नव्हतेच, फक्त पाणी येत होते. दुखणे डोळ्याच्या आत, भुवईपर्यंत जाणारे. लाली पापणीच्या आतल्या बाजूला नव्हती. ती बुबुळाच्या कडेला कड्यासारखी, जांभळट छटेची होती. सगळ्यात बोलकी खूण मात्र वेगळीच होती. चांगला डावा डोळा उघडा ठेवून त्यात बॅटरीचा प्रकाश टाकला, तेव्हा झाकलेला उजवा डोळा दुखला. एका डोळ्यावर प्रकाश पडला की दोन्ही बाहुल्या आकुंचन पावतात. बाहुलीभोवतीची रंगीत चकती म्हणजे आयरिस; ती सुजलेली असताना हलली की दुखते, प्रकाश कुठूनही आलेला असो. साध्या डोळे येण्यात असे होत नाही.

दुकानातल्या त्या ड्रॉपने दोन गोष्टी बिघडवल्या. अपुऱ्या मात्रेतल्या स्टेरॉइडने चिन्हे झाकली, आणि ते अचानक बंद झाल्यावर सूज उसळली. हाच डोळा नागिणीच्या किंवा हर्पीसच्या विषाणूने लाल झालेला असता, तर त्याच ड्रॉपने कॉर्नियावरची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक आवरणावरची, जखम पसरली असती. हा धोका खरा आहे, आणि म्हणूनच स्टेरॉइडचा पहिला थेंब तपासणीनंतरच पडायला हवा.

तपासणी

उजव्या डोळ्याची नजर 6/18, डाव्याची 6/6. डोळ्यातला दाब उजवीकडे 9, डावीकडे 14. दाब कमी असणे इथे बसते, कारण डोळ्यातले पाणी बनवणारी, आयरिसमागची सिलियरी बॉडी सुजली की पाणी कमी तयार करते. सुरुवातीलाच दाब चढलेला असता तर हर्पीस गटातल्या विषाणूचा संशय आधी घ्यावा लागला असता. कॉर्नियावर फ्लुओरेसिन टाकून निळ्या प्रकाशात पाहिले. हर्पीसमध्ये दिसणारी फांद्यांसारखी जखम नव्हती. कापसाच्या टोकाने कॉर्नियाची संवेदना पाहिली, ती दोन्हीकडे सारखी होती.

यानंतरचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. खोली अंधारी करून स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश 1 मिलिमीटर बाय 1 मिलिमीटर इतका बारीक केला आणि तिरका आत सोडला. कॉर्निया आणि आयरिस यांच्या मधले पाणी निरोगी डोळ्यात काळेभोर, रिकामे दिसते. इथे त्यात कवडशातल्या धुळीसारखे पांढरे ठिपके तरंगत होते, सावकाश वर-खाली जाणारे. या दाहक पेशी. त्या मोजतात. एवढ्या चौकोनात 1 ते 5 दिसल्या तर 0.5+, 6 ते 15 म्हणजे 1+, 16 ते 25 म्हणजे 2+, 26 ते 50 म्हणजे 3+, आणि त्याहून जास्त म्हणजे 4+. ही श्रेणी 2005 साली युव्हायटिसच्या तज्ज्ञांनी एकमताने ठरवली, आणि पुढचा सगळा उपचार तिच्यावरच चालतो. इथे नोंद झाली 3+. पेशींच्या मागे पाण्यात धुकेही होते. ते गळक्या झालेल्या रक्तवाहिन्यांतून झिरपलेले प्रथिन. बाहुलीवर फायब्रिन या चिकट प्रथिनाचा पातळ थर होता. बाहुली बारीक होती, गोल नव्हती: घड्याळातल्या पाच ते सातच्या काट्यांदरम्यान आणि वर बाराच्या जवळ आयरिस मागच्या भिंगाला चिकटली होती.

बाहुली मोठी करण्यासाठी ट्रॉपिकामाइड आणि फिनाइलेफ्रिनचे थेंब दहा-दहा मिनिटांनी तीनदा घातले. वरची चिकटलेली जागा सुटली. सहाच्या काट्याची राहिली. बाहुली जेवढी उघडली तेवढ्यातून डोळ्याच्या मागचा पडदा, म्हणजे रेटिना, आणि दृष्टीची नस पाहिली. दोन्ही स्वच्छ. भिंगामागच्या जेलीच्या, म्हणजे व्हिट्रियसच्या, पुढच्या भागात थोड्या पेशी सांडलेल्या होत्या, एवढेच. मागचा पडदा न बघता डोळ्याच्या पुढच्या भागाचा उपचार करणे चुकीचे ठरते, कारण टॉक्सोप्लाझ्मा किंवा क्षयाचा मागचा दाहही पुढे अशाच पेशी सांडतो, आणि तिथे नुसते स्टेरॉइड पुरत नाही, काही वेळा नुकसानच करते.

निदान: एकाच डोळ्याचा, अचानक सुरू झालेला, पुढच्या भागाचा तीव्र युव्हायटिस.

दोन प्रश्न, पाठीबद्दल

तरुण वय, एकच डोळा, एका दिवसात चढलेले दुखणे, फायब्रिन आणि चिकटणारी बाहुली. हे चित्र दिसले की पाठीबद्दल विचारायचेच. नुसते "कंबर दुखते का?" असे विचारून उपयोग होत नाही, कारण मोटरसायकल चालवणारा प्रत्येक जण हो म्हणतो. विचारायचे असे: सकाळी उठल्यावर पाठ किती वेळ आखडलेली असते, आणि आराम केल्यावर बरे वाटते की हालचाल केल्यावर?

"तासभर तरी सरळ होता येत नाही, सर. कामाला लागलो की मोकळं होतं. सुट्टीच्या दिवशी पडून राहिलो तर जास्त दुखतं." दोन वर्षांपासून असे चालले होते. पहाटे दुखण्याने जाग यायची. मणक्याच्या साध्या एक्स-रेत काही दिसले नव्हते, म्हणून गादी बदलून झाली, कमरेचा पट्टाही लावून झाला.

पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली आणि हालचालीने कमी होणारी पाठदुखी ही सांध्याच्या दाहाची असू शकते. अशा रुग्णात एचएलए-बी27 तपासायचे. हा जनुकीय गुणधर्म आणि अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे कमरेच्या व मणक्याच्या सांध्यांचा दाह, यांचे नाते 1973 पासून माहीत आहे. त्याच वर्षी तीव्र पुढच्या युव्हायटिसशीही ते जोडले गेले. स्पाँडिलायटिसच्या साधारण चारातल्या एका रुग्णाला आयुष्यात कधी ना कधी डोळ्याचा झटका येतो. बऱ्याचदा डोळाच पहिल्यांदा डॉक्टरांकडे नेतो आणि पाठीचे निदान त्यातून होते.

त्याच दिवशी एचएलए-बी27, छातीचा एक्स-रे, माँटू आणि सिफिलिसची टीपीएचए चाचणी लिहिली. शेवटच्या तीन चाचण्या पाठीसाठी नव्हत्या. भारतात क्षय सर्रास आढळतो आणि सिफिलिस कुठल्याही युव्हायटिसचे सोंग घेतो, म्हणून त्या केल्या.

सुरुवातीचा मारा

प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट 1 टक्का, जागेपणी दर तासाला एक थेंब. रात्री झोपताना स्टेरॉइडचे मलम. होमॅट्रोपिन 2 टक्के दिवसातून तीनदा.

होमॅट्रोपिन कशासाठी, हे सांगितले नाही तर रुग्ण ते हमखास सोडतो, कारण त्याने जवळचे धूसर दिसते आणि उजेड जास्त लागतो. ते दोन कामे करते. आतला आखडलेला स्नायू सैल करते, त्याने ठणका उतरतो. आणि बाहुली मोठी, हलती ठेवते, त्यामुळे आयरिस भिंगाला चिकटत नाही. बाहुली सगळीकडून चिकटली तर मागचे पाणी पुढे येऊ शकत नाही, आयरिस पुढे फुगते आणि दाब एकदम चढतो. ही आणीबाणी असते. काचबिंदूसाठी वापरले जाणारे पायलोकार्पिन बाहुली बारीक करते, म्हणून ते इथे वर्ज्य.

तासाला थेंब म्हणजे दिवसाला सोळा. 5 मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे शंभर थेंब निघतात, म्हणजे ती साधारण सहा दिवसांत संपते. थेंब सांडले तर आधीच. बाटली रविवारी संपली आणि सोमवारपर्यंत ड्रॉप नाही, हे उसळीचे अगदी साधे कारण आहे. म्हणून दोन बाटल्या एकदम द्याव्यात.

प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट हे विरघळलेले औषध नाही, ते पाण्यात तरंगणारी बारीक पूड आहे. बाटली ठेवून दिली की ती तळाशी बसते. न हलवता घातलेल्या थेंबात औषध कमी येते, आणि बाटली संपत आली की उरलेले थेंब दाट होतात. म्हणून दर वेळी नीट हलवायची. या रुग्णाने तिसऱ्या दिवशी बाटली आणली तेव्हा तळाशी पांढरा थर जमलेला होता. त्याला ती समोर हलवून दाखवली, थर उठेपर्यंत.

थेंब एकच. डोळ्यात एका थेंबाहून जास्त मावत नाही, दुसरा गालावर जातो. दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर. थेंब पडल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून दोन मिनिटे धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही.

पहिले तीन आठवडे

तिसऱ्या दिवशी ठणका बराच कमी, पेशी 2+. सहाच्या काट्याची चिकटलेली जागा सुटली, भिंगावर तपकिरी रंगाचा ठसा मागे राहिला. हा ठसा बहुधा तसाच राहतो, नजरेला त्रास देत नाही. ड्रॉप तासालाच ठेवला. सुरुवातीचा मारा लवकर कमी करणे ही मोठी चूक असते. दुखणे दोन-तीन दिवसांत उतरते, पेशी मात्र मागे रेंगाळतात.

सातव्या दिवशी 1+, दर दोन तासांनी. चौदाव्या दिवशी 0.5+, दिवसातून सहा वेळा, होमॅट्रोपिन फक्त रात्री. एकविसाव्या दिवशी पेशी शून्य, नजर 6/6. पाण्यात हलके धुके अजून होते, पण त्यासाठी ड्रॉप वाढवला नाही. रक्तवाहिन्यांची भिंत सावरायला पेशींपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्या धुक्याच्या मागे लागून स्टेरॉइड चढवत राहिले तर हाती फक्त दुष्परिणाम लागतात. होमॅट्रोपिन बंद केले. कागदावर लिहून दिले: चार वेळा एक आठवडा, मग तीन वेळा, दोन वेळा, एक वेळा, प्रत्येकी एक आठवडा, मग बंद.

उसळी

तिसाव्या दिवशी तो परत आला. डोळा लाल, पेशी 2+. गणपतीला गावी गेला होता. डोळा पांढराशुभ्र दिसत होता, आईने विचारले, "बरा झालाय ना रे डोळा, मग औषध कशाला?" चोविसाव्या दिवशी ड्रॉप थांबवला.

लाली आणि दुखणे रुग्णाला समजते, पेशी समजत नाहीत, आणि पेशी शून्य झाल्या तरी आतला दाह पूर्ण विझलेला नसतो. स्टेरॉइड त्याला दाबून ठेवते, तेवढ्या आठवड्यांत रक्तवाहिन्यांची भिंत जुळते. जुळण्याआधी स्टेरॉइड काढले की पेशी पुन्हा झिरपतात. म्हणून प्रत्येक पायरी साधारण आठवड्याची, आणि पायरी उतरण्याआधी पेशी 0.5+ किंवा त्याहून कमी असायला हव्यात. पेशी वाढल्या असतील तर उतरायचे नाही, वर जायचे.

ही उसळी नवा झटका धरायची नाही. औषध बंद झाल्यावर डोळा तीन महिने शांत राहिला आणि मग बिघडला तर तो वारंवार येणारा आजार. तीन महिन्यांच्या आत पुन्हा पेटत राहिला तर तो जुनाट. म्हणून ड्रॉप थांबवल्याची तारीख फाइलवर लिहिणे गरजेचे असते. इथे ड्रॉप थांबवल्याच्या तारखेमुळेच कळले, की उपचार अर्धवट सुटला होता, औषध निष्प्रभ ठरले नव्हते.

उपचार खालच्या पायरीपासून सुरू केला नाही. दोन दिवस तासाला, मग दर दोन तासांनी, होमॅट्रोपिन पुन्हा तीनदा.

दाब चढला

सदतिसाव्या दिवशी पेशी 0.5+ झाल्या, पण उजव्या डोळ्याचा दाब 30, डाव्याचा 15. रुग्णाला काहीच जाणवत नव्हते. जाणवतही नाही.

इथे दोन कारणे एकत्र येतात. सिलियरी बॉडी सावरली की पाणी पुन्हा पूर्ण तयार होऊ लागते, म्हणून सुरुवातीचा 9 हा आकडा वर येणारच होता. त्याच वेळी स्टेरॉइडमुळे पाणी बाहेर जाण्याची जाळी तुंबते. हे साधारण दोन ते सहा आठवड्यांत दिसते. सगळ्यांमध्ये होत नाही, पण साधारण तिघांतल्या एकात दाब थोडाफार चढतो आणि थोड्यांमध्ये खूपच. म्हणूनच स्टेरॉइडच्या प्रत्येक भेटीत दाब मोजायचा. पहिल्या दिवशीचा कमी दाब पाहून निर्धास्त झालेल्या माणसाला चौथ्या-पाचव्या आठवड्यात फटका बसतो.

गोनिओस्कोपी म्हणजे खास भिंगाने केलेल्या तपासणीत पाणी बाहेर जाण्याचा कोन पाहिला, उघडा होता. बाहुली कुठेही चिकटलेली नव्हती. नस निरोगी. म्हणजे दाब चढायला स्टेरॉइडच कारण.

अशा वेळी स्टेरॉइड तडकाफडकी बंद करायचा मोह होतो. तसे केले तर पेशी उसळतात, त्यांनीही जाळी तुंबते, आणि दोन्ही बाजूंनी नुकसान होते. त्याऐवजी टिमोलोल 0.5 टक्के सकाळ-संध्याकाळ जोडले. आधी दम्याबद्दल आणि हृदयाच्या ठोक्यांबद्दल विचारले, कारण डोळ्यातला टिमोलोलही दमेकऱ्याला धोकादायक ठरतो. प्रोस्टाग्लँडिन गटातले ड्रॉप पेटलेल्या डोळ्यात सहसा टाळले जातात. स्टेरॉइडची उतरण ठरलेल्या क्रमानेच चालू ठेवली: सहा, चार, तीन, दोन, एक, प्रत्येकी एक आठवडा, दर दोन आठवड्यांनी पेशी आणि दाब पाहून. दोन आठवड्यांत दाब 20 वर आला.

दाब आटोक्यात आला नसता तर शेवटच्या पायऱ्यांवर फ्लुओरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉलसारखे दाब कमी चढवणारे स्टेरॉइड घेता आले असते. ते आत कमी पोहोचतात, म्हणून 3+ पेशींच्या डोळ्यात सुरुवातीला कामाचे नाहीत. डायफ्लुप्रेडनेट 0.05 टक्के याच्या उलट टोकाचे. दिवसातून चार थेंबांत ते प्रेडनिसोलोनच्या आठ थेंबांइतके काम करते, पण दाबही जोरात चढवू शकते, म्हणून या डोळ्याला ते दिले नाही.

उतरताना दर वेळी एकाच पायरीवर, समजा दोन वेळांवर आले की पेशी परत येत असतील, तर ती पायरी कायमची धरून बसायचे नाही. दिवसाला तीनच्या वर थेंब महिनोन्महिने चालले की मोतीबिंदूचा धोका वाढतो. तेव्हा तोंडावाटे किंवा इंजेक्शनने आजारावरच उपचार करायची वेळ आलेली असते.

इथे तशी वेळ आली नाही. ड्रॉप थांबल्यावर दोन आठवड्यांनी पेशी शून्य, दाब 15. टिमोलोल बंद, आणि महिन्याभराने दाब पुन्हा पाहिला.

पाठीकडे परत

एचएलए-बी27 पॉझिटिव्ह आले. छातीचा एक्स-रे, माँटू आणि टीपीएचए यांत काही नव्हते. माकडहाडाजवळच्या सॅक्रोइलिॲक सांध्यांच्या एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंना हाडाच्या मगजात सूज दिसली. मणक्याचा साधा एक्स-रे स्वच्छ येण्याचे कारण हेच: आजार या सांध्यांत सुरू होतो आणि एक्स-रेवर उमटायला वर्षे लागतात. संधिवात तज्ज्ञांनी दाहशामक गोळी आणि रोजचे ताणाचे व्यायाम सुरू केले.

एका झटक्यासाठी इंजेक्शनचे जैविक औषध द्यायचे नसते. डोळा वर्षात तीन-चारदा पेटू लागला किंवा पाठ गोळ्यांना दाद देईना, तर सल्फासलाझिन किंवा अ‍ॅडॅलिमुमॅबचा विचार होतो. अ‍ॅडॅलिमुमॅबआधी सुप्त क्षय शोधावाच लागतो. एटानर्सेप्ट त्याच कुळातले आणि पाठीला चालते, पण डोळ्याचे झटके रोखण्यात कमी पडते. म्हणून औषध निवडताना डोळ्याचा इतिहास संधिवात तज्ज्ञांपर्यंत लेखी पोहोचायला हवा.

पुढचा झटका बहुधा येईल, याच डोळ्याला किंवा दुसऱ्याला. त्याच्या फाइलवर हे लिहून दिले: उजव्या डोळ्याचा दाब स्टेरॉइडने 30 पर्यंत चढतो. उजेड टोचू लागला, भुवईत ठणका आला तर लाली येण्याची वाट न बघता 24 तासांत दाखवणे. उरलेल्या बाटलीतला ड्रॉप घालायचा नाही, उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्यायची. काळे ठिपके तरंगताना दिसले, तोंडात वारंवार फोड येऊ लागले किंवा दोन्ही डोळे एकदम लाल झाले तर तेही आधी सांगायचे, कारण मग हा आजार वेगळा असू शकतो आणि तपासणी नव्याने करावी लागते.